जेवलो. बरा आहे. झोपतो.

मी नाशिकच्या कोर्टात स्टेनो आहे. साक्षीदार बोलतो, जज्जसाहेब सांगतात, मी उतरवून घेते. या कामात कान सारखे लावून ठेवावे लागतात, त्यामुळे कोर्टरूममध्ये कुणाचा फोन वाजला की मला शारीरिक त्रास होतो. एकदा माझाच वाजला. एक बाई आपल्या मुलीबद्दल साक्ष देत होती, मध्येच थांबून पदराने डोळे पुसत होती, आणि माझ्या पर्समधून कुठल्याशा क्रेडिट कार्डवालीचा कॉल. साहेब नुसते पाहत राहिले. त्या नजरेनंतर मी आठवडाभर फोन घरीच ठेवून येत होते.

शेजारच्या कोर्टातल्या एका स्टेनोबाईंनी मला त्यातून सोडवलं. माझा फोन घेऊन त्यांनी सेटिंगमध्ये ‘रूटीन’ नावाचा प्रकार उघडला. दोन चौकोन होते. वरच्यात ‘जर’, खालच्यात ‘तर’. वर त्यांनी जागा निवडली, नकाशावर कोर्टाभोवती एक गोल आला. खाली साउंड मोडमध्ये ‘म्यूट’. म्हणजे मी कोर्टाच्या आवारात शिरले की फोन आपोआप गप्प, बाहेर पडले की पुन्हा पहिल्यासारखा. अट एकच, लोकेशन चालू ठेवायचं.

“कधीकधी गेटच्या बाहेर चहा पितानाही म्यूट राहतो,” त्या म्हणाल्या. “गोल थोडा मोठाच असतो. पण आत वाजण्यापेक्षा बाहेर न वाजलेला बरा.”

मला ते फार आवडलं. पुढचे काही दिवस मी दिसेल त्याची रूटीनं केली. झोपायच्या वेळी म्यूट, सकाळी आवाज सुरू. नवरा अंबडच्या कंपनीत शिफ्टला जातो, त्याच्याही फोनला एक करून दिलं. कंपनीच्या गेटशी पोचला की मला ‘पोचलो’ असा मेसेज. तो हसला, पण ठेवलं त्याने ते.

नानांच्या फोनला केलं ते त्यानंतर, दिवाळीत.

नाना म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. आई गेल्यावर सिन्नरच्या घरात एकटे राहत होते. मी एकुलती एक. आमच्याकडे सिडकोत चला, असं मी आणि नवरा दोघांनीही अनेकदा म्हटलं. ते यायचे, दोन रात्री राहायचे आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून दाराशी उभे. “माझं तिकडं सगळं हाय,” म्हणायचे. तिकडे काय होतं, तर दोन खोल्या, गल्लीतला पार, आणि शेजारी राहणारी शिवणकाम करणारी एक बाई. ती मुसलमान, नवरा वारलेला, घरातच दोन मशिनी टाकून ब्लाउज-परकर शिवायची. नानांना काका म्हणायची, आणि पातळ भाजी केली की वाटीभर आणून द्यायची.

मी रोज संध्याकाळी कोर्टातून सुटले की नानांना फोन करायची. जेवलात का, गोळी घेतली का. आई आजारी होती तेव्हा हे दोन प्रश्न मी तिला विचारायची. ती गेल्यावर तेच आपोआप त्यांच्याकडे गेले. त्यांना ते अजिबात आवडायचं नाही. त्या दिवाळीत अंघोळ करून, नवा सदरा घालून, खुर्चीत बसल्या बसल्या ते मला म्हणाले,

“रोज तेच काय विचारती गं? साक्ष घेती का माझी?”

“काळजी वाटते, नाना.”

“मंग असं कर. तुझ्या त्या फोनलाच शिकवून ठेव. जेवलो म्हणून तोच सांगत जाईल.”

ते चेष्टेत म्हणाले होते. मी खरंच त्यांचा फोन हातात घेतला. गेल्याच वर्षी मी घेऊन दिलेला, माझ्या फोनच्याच कंपनीचा साधा हँडसेट होता, त्यातही तीच सोय होती. मी विचारलं, “फोन चार्जिंगला कधी लावता?”

“जेवून उठलो की. भांडं घासायचं, फोन लावायचा, मंग पडायचं.”

ते खरं होतं. गाडी डेपोत लावल्याशिवाय डबा न उघडणारा माणूस, त्यांची प्रत्येक गोष्ट क्रमाने असायची. म्हणून मी ‘जर’मध्ये दोन गोष्टी घातल्या. वेळ संध्याकाळी सात ते दहा, आणि फोन चार्जिंगला लागलेला. दोन्ही एकदम खऱ्या असतील तरच. ‘तर’मध्ये मेसेज पाठवणे, माझा नंबर. मजकूर काय लिहू, विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि तार सांगावी तसं सांगितलं,

“जेवलो. बरा आहे. झोपतो.”

त्यांच्या तोंडात ‘हाय’ असायचं, पण लिहायचं म्हटल्यावर ते ‘आहे’ म्हणाले. मी तसंच टाइप केलं.

दुसरंही एक त्यांनी करून घेतलं. दुपारी एक ते चार ते झोपायचे आणि तेव्हाच नेमके कसले कसले फोन येऊन त्यांची झोप मोडायची. तेवढा वेळ म्यूट. रात्री नऊनंतरही म्यूट. “आता मला माझा वेळ मिळाला,” ते म्हणाले.

मेसेज यायला लागले. कधी पावणेआठला, कधी सव्वाआठला, पारावर गप्पा रंगल्या तर नऊच्या आसपास. मी उलट लिहायची, ‘बरं. गोळी घ्या.’ पहिले काही आठवडे मी मेसेज आला तरी फोन करत होते. मग एक दिवसाआड. मग रविवारी. मला वाईट वाटत नव्हतं, कारण रोज रात्री त्यांचे ते तीन शब्दसमूह माझ्या हातात असायचे, त्यांच्याच बोलण्यातले. फोनवर बोलायला ते तसेही कंटाळायचे. थंडीत त्यांचा घसा बसला, तेव्हा तर म्हणाले, “बोलवत नाय गं नीट. मेसेज येतोय ना तुला?”

“येतोय.”

“मंग झालं.”

संक्रांतीला आम्ही गेलो तेव्हा ते बारीक वाटले. मी तसं म्हटलंही. दात दुखतो म्हणून कमी खातोय, असं उत्तर मिळालं. समोर त्यांनी तिळाची पोळी दुधात कुस्करून खाल्ली, हळूहळू, माझ्याशी बोलत बोलत. दात दुखणारा माणूस असंच खाईल. घसा अजून बसलेलाच होता. मी डॉक्टरला दाखवा म्हटलं, ते हो म्हणाले.

त्यानंतर केव्हातरी मेसेज बरोबर सातला यायला लागला. सात म्हणजे सात. आधी माझ्या ते लक्षातही आलं नाही. लक्षात आलं तेव्हा बरंच वाटलं. मी नवऱ्याला म्हटलं, नाना आता लवकर जेवायला लागले बघ, गाडीच्या टायमासारखं. तो म्हणाला, “वयाला बरं ते.” नाशिकमध्ये सातला आमचा कुकरही झालेला नसायचा. मी कणीक मळत असायची, ओट्यावर फोन टिंग करायचा, मी तसेच पिठाचे हात ठेवून मान वाकवून बघायची. जेवलो. बरा आहे. झोपतो. आणि मी पुन्हा कणीक मळायला लागायची.

उन्हाळा लागला होता. एका दुपारी कोर्टात मोठी उलटतपासणी चालू होती, जेवायची सुट्टीही उशिरा झाली. बाहेर आल्यावर पाहिलं तर अनोळखी नंबरवरून दोन मिस्ड कॉल. रोज असे येतात. कर्ज हवं का, प्लॉट हवा का. मी परत केला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच नंबरवरून आणखी एक, तोही मी आत असताना. तोही तसाच राहिला.

त्याच संध्याकाळी नाशिकमध्ये जोराचं वारं सुटलं. खिडक्या आपटत होत्या, गच्चीवरचे कपडे काढायला मी धावले. परत आले तेव्हा सात वाजून गेले होते आणि मेसेज आलेला नव्हता. मी म्हटलं, आज उशीर झाला असेल. थोड्या वेळाने टिंग झालं. जेवलो. बरा आहे. झोपतो. मी ‘बरं’ लिहिलं. भाजी फोडणीला टाकते तोच पुन्हा टिंग. तेच तीन तुकडे. मला हसू आलं. वाटलं नानांनी चुकून काहीतरी दाबलं. त्यानंतर भाजी शिजेपर्यंत तिसरा आला.

मी गॅस बारीक केला आणि फोन हातात घेऊन उभी राहिले. सिन्नरलाही वारं असणार, लाइट जात-येत असणार. लाइट आली की चार्जिंग सुरू, चार्जिंग सुरू झालं की मेसेज. इतकं मला लगेच कळलं, मीच केलं होतं ते. फोन चार्जरला लावूनच ठेवलेला होता आणि लाइट नानांच्या वतीने जेवत होती. मग पुढचं कळलं. रोज सातला येतो, कारण सातला वेळेची अट खरी होते. चार्जिंगची अट आधीपासूनच खरी असते. म्हणजे फोन जेवून उठल्यावर लागत नव्हता. तो सकाळपासून, नाहीतर कालपासून, लागलेलाच असायचा.

मी नानांना फोन लावला. अजून नऊ वाजले नव्हते, रिंग वाजत असणार. त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा लावल्यावर मला तो अनोळखी नंबर आठवला. मी मिस्ड कॉलमध्ये जाऊन त्यावर बोट ठेवलं.

“हॅलो, ताई का? मी शेजारची बोलतेय, सिन्नरहून,” शिवणकामवाल्या बाईंचा आवाज आला. “तुमचा फोन लागत होता पण तुम्ही उचलतच नव्हत्या.”

“मी कोर्टात असते. नंबर ओळखला नाही मी. नाना कुठे आहेत?”

“घरातच हायेत. झोपूनच हायेत ताई, आठ-दहा दिवस झाले. मी काकांकडे तुमचा नंबर मागितला तर देईनात. मेडिकलवाल्याकडून घेतला. तुमच्या आईची औषधं यायची ना, त्याच्याकडे लिहिलेला होता.”

“जेवतात का?”



“मी डबा देते. डबा धुऊन परत येतो. पण परवा मागच्या बाजूला कपडे वाळत घालायला गेले तर कुत्री माझीच भाजी-भाकरी खात होती.”

मी त्यांना आत्ताच्या आत्ता जाऊन बघायला सांगितलं. फोन तसाच चालू ठेवून त्या गेल्या. दार वाजवल्याचं ऐकू आलं, कडी काढल्याचं ऐकू आलं. लाइट आली वाटतं, पंखा सुरू झाला. त्यांनी विचारलं, “काका, पोरीशी बोलता का?” आणि मग नुसता श्वासाचा आवाज. शेवटी त्याच म्हणाल्या, “हातानं नको म्हणतायत. बरे हायेत तसे, बसलेत. मी आहे रात्रभर इकडे, काळजी नका करू. सकाळी या.”

सकाळी पहिल्या उजेडाला आम्ही निघालो. नवऱ्याने ओळखीच्याची गाडी आणली होती. मोहदरीचा घाट चढून सिन्नरला पोचलो.

नाना खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. सदऱ्याच्या आत माणूस कमी आणि सदराच जास्त होता. गालाची हाडं वर आलेली. उशाशी एक्स्टेंशन बोर्ड ओढून घेतलेला आणि फोन त्याला लावलेला, वर हिरवा ठिपका. बोर्डाच्या शेजारी तांब्या आणि एक वाटी, तिच्यात भाताच्या पेजेचं पाणी सुकून पापुद्रा धरलेला.

मी खाटेवर बसले. किती दिवस, असं विचारलं. ते कुजबुजल्यासारखं बोलले, आवाज उरलाच नव्हता.

“दिवाळीनंतर भाकरी अडकायला लागली. हितं.” त्यांनी छातीच्या मधोमध बोट लावलं. “मंग भात. आता पाणी बी थांबतं.”

“आणि मला रोज जेवलो म्हणून कळवत होतात?”

“मी कुठं कळवत होतो? फोन कळवत होता.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाने की कशाने, मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, “तुम्हाला माहीत होतं ना, नाना?”

शेजारच्या बाई दाराशी उभ्या होत्या, त्या आत गेल्या चहा ठेवायला.

“आधी नव्हतं माहीत. एकदा दुपारी फोन लावला अन् काढायचाच राहिला. पडूनच होतो. जेवलो नव्हतो त्या दिवशी. सातला तुझं आलं, बरं, गोळी घ्या. म्हटलं, हिला कोणी सांगितलं? मंग ध्यानात आलं.”

“मग काढायचा ना फोन. मला सांगायचं.”

“सांगून काय करणार होती?”

“दवाखान्यात नेलं असतं.”

“तेच,” ते म्हणाले. “तुझ्या आईच्या टायमाला तू काय करत होती ते मी बघितलंय. कोर्टातून दवाखाना, दवाखान्यातून घर. डब्यातलं उभ्यानं खायची. तुझे केस गळाले तेव्हा. मी म्हटलं, हे पुन्हा नको. आपोआप होईल ते होईल.”

मी बोर्डावरचं बटण बंद केलं. हिरवा ठिपका गेला. का केलं मी तसं, माहीत नाही. फोनचा त्यात काय दोष. मी सांगितलं तेवढंच तो करत होता, आणि मी त्याला जेवणाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, फक्त वायरबद्दल सांगितलं होतं.

शेजारच्या बाईंनी चहा आणला. नानांसाठी बशीत थोडा गार करून दिला. त्यांनी एक घोट घेतला, तो खाली उतरायची वाट पाहिली, मान हलवली. मग खोकल्याबरोबर तो बाहेर आला. बाईंनी पदराने त्यांची हनुवटी पुसली आणि मला म्हणाल्या, “ताई, मीच आधी यायला पाहिजे होतं तुमच्याकडे. पत्ता माहीत नव्हता.” त्यांच्या मशिनींवर पडलेलं काम सोडून त्या रात्रभर त्या खोलीत बसल्या होत्या, आणि वरून त्याच माफी मागत होत्या.

नाशिकला आणलं. दुर्बीण घातली, स्कॅन झाला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला आणि नवऱ्याला आत बोलावलं, नानांना बाहेर व्हीलचेअरवर ठेवलं. अन्ननलिकेचा कर्करोग, तोही पसरलेला. आवाज बसला तो त्याच्यामुळेच, घशाची सर्दी नव्हती ती. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलंच.

“संक्रांतीला आणलं असतं तर?”

“नळीने थोडं लवकर पोटात अन्न देता आलं असतं,” ते म्हणाले. “आजार तेव्हाही असाच असता, बहुतेक.”

बहुतेक हा शब्द मी रोज टाइप करते. साक्षीदार तो म्हणाला की समोरचा वकील हरकत घ्यायला लगेच उभा राहतो. मी त्या दिवशी उभी राहिले नाही.

नाकातून नळी घातली. दर दोन-तीन तासांनी मोठ्या सिरिंजने पातळ अन्न घालायचं, आधी पाणी, मग पेज, मग पुन्हा पाणी. नर्सने मला शिकवलं. घरी पुढच्या खोलीत त्यांची खाट टाकली. मी रजा काढली, ती संपल्यावर बिनपगारी काढली. नवरा रात्रपाळी घेऊन दिवसा त्यांच्याजवळ बसायला लागला. नानांना नको होतं तेच सगळं झालं. फक्त या वेळी ते खाटेवरून, स्वतःसाठी चाललेलं बघत होते, आणि मला ते दिसत होतं की ते बघतायत.

आमच्या घरी आल्यावरही त्यांचा फोन उशाशीच असायचा. बोलता येत नसल्याने ते त्याचा पाटीसारखा वापर करायचे, त्यावर लिहून मला दाखवायचे. एक दिवस संध्याकाळी मी नळीतून पेज घालत होते, सिरिंज उंच धरून, ती हळूहळू उतरत होती. त्यांनी फोन चार्जरला लावला. माझा फोन ओट्यावर वाजला. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं काय आलंय ते. सिरिंज रिकामी झाली, मी पाणी घातलं, नळीचं तोंड बंद केलं.

“काढून टाकू का ते?” मी विचारलं.

त्यांनी मान हलवून नको म्हटलं. फोनवर लिहिलं, ‘आज खोटं नाही.’

मी ते वाचलं आणि उठून स्वयंपाकघरात गेले. नवरा तिथे उभा होता. त्याने माझ्या हातातली सिरिंज घेतली आणि नळ सोडून धुवायला लागला.

तसे काही आठवडे गेले. त्या दिवसांत मेसेज रोज यायचा, कधी सातला, कधी आठला. मी एकाच घरात बसून उत्तर लिहायची. ‘बरं.’ त्यांचा फोन टिंग करायचा, ते वाचायचे. गोळी घ्या असं मी लिहायचं सोडून दिलं होतं, गोळ्या मीच कुटून नळीतून घालत होते.

सिन्नरच्या बाई एकदा आल्या. एसटीने, हातात पिशवी. नानांसाठी त्यांनी पुढून उघडणारे दोन सदरे शिवले होते, नळी असताना डोक्यावरून काढायला त्रास होतो म्हणून. कापड मऊ होतं, काजं सुद्धा हाताने केलेली. नानांनी त्यांच्यासमोरच त्यातला एक घातला. फोनवर लिहिलं, ‘डबा कुत्र्याला घातला. राग धरू नको.’

बाई वाचून म्हणाल्या, “काका, कुत्रे बी आपलेच हायेत गल्लीतले.” मग बराच वेळ त्या गल्लीतल्या गोष्टी सांगत बसल्या. कोणाच्या घराला रंग लागला, पारावर आता कोण बसतं. नाना डोळे मिटून ऐकत होते. निघताना त्या जिन्यात थांबून रडल्या. मी त्यांना द्वारका चौकातल्या एसटीच्या स्टॉपपर्यंत सोडून आले.

पावसाळ्यात एक दिवस नानांनी मला खुणेने बोलावलं. त्यांचा हात आता फोन धरून ठेवत नव्हता, मीच धरला. एकेक अक्षर दाबून त्यांनी लिहिलं, ‘ते काढ आता.’

मी मुद्दाम विचारलं, “काय काढू?”

त्यांनी तोंड उघडून दाखवलं आणि हात हलवला. जेवणाचं.

मी सेटिंग उघडलं. दोन ओळी होत्या, एक दुपार-रात्रीच्या आवाजाची, एक मेसेजची. मेसेजची दाबून धरली, खाली डिलीट आलं. फोनने खात्री करून घेतली, नक्की काढायचं का. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी दाबलं. एवढंच. नंतर मी ओट्याशी जाऊन माझ्या फोनमधले त्यांचे जुने मेसेज वर वर सरकवत बसले. कुठला दिवस खरा जेवलेला आणि कुठला न जेवलेला, ते ओळखण्याचा प्रयत्न करत होते. वेळेवरून काही दिवस ओळखता येत होते. पावणेनऊचे मेसेज खरे असावेत. मधले काही अजिबात कळत नव्हते.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. गेले ते सकाळी, नवरा जवळ होता, मी आंघोळीला गेले होते. अंगावर बाईंनी शिवलेला सदराच होता.

मी पुन्हा कोर्टात जायला लागले. माझ्या फोनचं कोर्टाचं रूटीन मी तसंच ठेवलं आहे, त्याच्याशिवाय चालत नाही. फक्त दुपारी जेवायला बाहेर आले की आता प्रत्येक अनोळखी नंबरला परत फोन करते. बहुतेक वेळा प्लॉट विकणारे निघतात. मी त्यांचं ऐकून घेते, नको म्हणते, ठेवते.

मध्यंतरी आमच्या कोर्टाचे, समन्स बजावणारे बेलिफ माझ्या टेबलाशी आले. त्यांची आई चांदवडजवळ शेतावरच्या घरात एकटी असते. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मॅडमना फोनमधलं आपोआप मेसेज जायचं येतं. त्यांनी आईचाच फोन आणला होता, दुरुस्तीच्या निमित्ताने.

“रोज रात्री तिचं ख्यालीखुशालीचं येत जाईल असं करून द्या,” ते म्हणाले.

मी करून दिलं. वेळ घातली, चार्जिंग घातलं, त्यांचा नंबर घातला. मजकुराच्या जागी लिहिलं, ‘फोन चार्जिंगला लागला.’

त्यांनी वाचून पाहिलं. “एवढंच? बरी आहे, जेवली, असं काहीतरी टाका की.”

“ते फोनला कळत नाही,” मी म्हटलं. “ते तुम्ही विचारा. बोलून विचारा, आणि आवाज कसा येतो तेही बघा.”

त्यांना ते जरा तुटक वाटलं असावं. फोन खिशात ठेवून ते पॅसेजमध्ये गेले. थोड्या वेळाने मी पाण्याची बाटली भरायला बाहेर आले तर ते खिडकीशी उभे राहून स्वतःच्या फोनवरून बोलत होते. शेतावरच्या गड्याच्या फोनवर आईला बोलावलेलं असावं. पलीकडून म्हातारीचा खणखणीत आवाज मला तिथवर ऐकू येत होता. कांद्याच्या चाळीला पाणी लागलं म्हणून ती कुणाला तरी रागावत होती, मध्येच लेकाला रागावत होती, फोन दुरुस्तीला नेला तो कधी आणणार म्हणून. बेलिफ नुसते “हा, हा, आणतो” म्हणत होते.

आतून मला हाक आली. साक्षीदार आला होता. मी बाटली भरून आत गेले.